आभारकाकू आणि लिफाफ्यातलं पान

माझ्या प्रबंधातला सगळ्यात आधी पूर्ण झालेला भाग म्हणजे ऋणनिर्देश. प्रकरण दुसरं अर्धवट होतं, चौथ्यातले आलेख सरांनी तीनदा परत पाठवले होते, निष्कर्ष तर अजून निघायचेच होते. पण कोणाचे आभार मानायचे हे मी पहिल्याच वर्षी लिहून ठेवलं होतं. हसू नका. लॅबमध्ये काम अडलं की प्रत्येक जण हेच करतो, फक्त कबूल करत नाही.

ते पान घेऊन मी पहिल्यांदा आभारकाकूंकडे गेलो.

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर त्यांचं दुकान. पुढे काउंटर, त्यामागे संगणक आणि प्रिंटर, आणि पाठीमागच्या पडद्याआड काकांचं बांधणीचं टेबल. काका पुठ्ठ्यांचा माणूस. गोंद, दोरा, काळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरं उमटवायचं यंत्र, एवढंच त्यांचं जग. तीस वर्षांत हजारभर प्रबंध त्यांच्या हातून गेले, पण त्यांनी एकही उघडून वाचला नाही. वाचायचं खातं काकूंकडे होतं. आणि काकूही प्रबंधातलं एकच पान वाचत.

"मधलं काय वाचायचं?" त्या म्हणत. "ते परीक्षकसुद्धा वाचत नाहीत. माणूस कळतो तो आभारात."

म्हणून त्यांचं नाव आभारकाकू. तोंडावर नुसतं काकू.

माझं पान त्यांनी चष्मा नाकावर सरकवून वाचलं आणि काउंटरवर ठेवलं.

"विभागप्रमुख कुठे आहेत?"

"त्यांनी काहीच केलं नाही, काकू."

"म्हणूनच विचारतेय. ज्यांनी केलं ते समजून घेतात. ज्यांनी नाही केलं ते शोधत बसतात. घाल."

मग त्यांनी मला नियम सांगितले. गाईड पहिला, कारण सही त्याची असते. त्याला 'मौलिक मार्गदर्शन' द्यायचं, मग त्याने मार्गदर्शन केलेलं असो वा नसो. विभागप्रमुखांना 'सहकार्य'. लॅबमधल्यांना 'मोलाची साथ', आणि तीही वयाच्या क्रमाने, नाहीतर फ्रिजमधल्या तुमच्या नमुन्यांचं काही खरं नाही. नवऱ्याला किंवा बायकोला 'समजूतदारपणा'. सासूसासऱ्यांना 'प्रोत्साहन', मग ते खरं म्हणजे कितीही टोमणे असोत. आईवडील शेवटी.

"शेवटी का?" मी विचारलं.

"कारण ते रुसत नाहीत," काकू म्हणाल्या.

हे सगळं त्या काही हवेतून बोलत नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्या एकाच लॅबमधली मुलं आपल्या सीनियरचाच ऋणनिर्देश उतरवून काढतात हे त्यांना तोंडपाठ होतं. नक्कल पकडणाऱ्या संगणकाला ते पान दाखवतच नाहीत, त्यामुळे मैदान मोकळं. एकाने इतक्या मनापासून उतरवलं की सीनियरच्या पत्नीने आपल्याला 'आयुष्याच्या प्रत्येक वळणावर' साथ दिल्याबद्दल तिचे जाहीर आभार मानले. काकूंनी ते छपाईच्या आधी पकडलं, म्हणून दोन संसार वाचले. दुसऱ्याचं लग्न प्रबंधाच्या आधी मोडलं आणि प्रबंध यायच्या आत दुसरं ठरलं. काकूंनी त्याच्या पानात त्या जागी दीड ओळ कोरी ठेवली होती आणि छपाईच्या आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, "कोण आहे सध्या?"

आता काकूंच्या एका खोडीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आमच्या विद्यापीठातल्या कुठल्याही प्रबंधाचं ते पान उघडा. तळाला ओळ असते, 'अत्यंत सुबक व वेळेत टंकलेखन करून दिल्याबद्दल काकूंचे मनःपूर्वक आभार.' मी ग्रंथालयात बसून वीस प्रबंध पाहिले. वीसच्या वीस जणांना 'अत्यंत सुबक' हेच सुचलं होतं. मला काकूंबद्दल फार आदर वाटला. मग लॅबमधल्या आमच्या ताईने मला बाजूला घेतलं.

"अरे, ती ओळ आई स्वतःच घालते," ती म्हणाली. "गिऱ्हाईक गेलं की. बांधून हातात आल्यावर कोण बघतंय? आणि पाहिलं तरी आपणच लिहिलं असेल असं वाटतं सगळ्यांना."

ही ताई म्हणजे काकूंची मुलगी. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी पुढे, तळ्यातल्या शेवाळावर काम करणारी, कमी बोलणारी आणि बोलली की तुकडा पाडणारी. लॅबमध्ये आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो. सरसुद्धा एकदा चुकून म्हणाले होते.

मी एकदा धीर करून काकूंना त्या ओळीबद्दल विचारलं. त्या जराही ओशाळल्या नाहीत.

"सुरुवातीला वाट पाहिली रे," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी नऊ प्रबंध केले. तिघांचं तर हस्ताक्षर असं की मुंग्या शाईत बुडून चालत गेल्यात. डोळे फुटायची वेळ आली. म्हटलं कोणीतरी लिहील दोन शब्द. लॅबच्या दाराला तेल घालणाऱ्याचे आभार, कॅन्टीनवाल्याचे आभार, एकाने तर आपल्या स्कूटरचे मानले. माझे नाहीत. मग म्हटलं, टंकलेखन माझ्याच हातात आहे, तर मग रडायचं कशाला?"

एवढं बोलून त्या हसल्या. मीही हसलो. पण मला ते फारसं हसण्यासारखं वाटलं नाही, हे सांगून टाकतो.

ताईचा प्रबंध पूर्ण होत आला तेव्हा दुकानाला सणवार आल्यासारखं झालं. ताई कागदावर पेन्सिलीने लिहायची आणि काकू टाइप करायच्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शेवाळ काढून बसायच्या. शेवाळांच्या जाती त्यांना इतक्या पाठ झाल्या की एकदा त्यांनी ताईचीच चूक काढली, "तिसऱ्या प्रकरणात ही हिरवी होती, पाचव्यात निळसर कशी झाली?" ताई तळ्यावर परत गेली आणि पाहून आली. काकू बरोबर होत्या.

सगळी प्रकरणं झाली. परिशिष्टं झाली. उरलं ते एक पान. काकूंनी ताईसाठी मसुदा आधीच करून ठेवला होता, चार परिच्छेदांचा, अगदी साच्यातला. ताईने तो वाचलासुद्धा नाही.

"आई, हे पान मी लिहिणार. मीच टाइप करणार, मीच छापून आणणार. तू फक्त बांधायला द्यायचंस."

"आणि तपासणार कोण?"

"कोणी नाही. आणि एक सांगते, माझ्या प्रबंधात तू तुझे आभार मानायचे नाहीत."

हे ती दुकानात, माझ्यादेखत बोलली. काकूंनी कीबोर्डवरची धूळ फडक्याने पुसली, मग काउंटर पुसला, मग पुसलेला कीबोर्ड पुन्हा पुसला.

ताई गेल्यावर मला म्हणाल्या, "ऐकलंस ना? म्हणजे मी नाहीच."

"तसं नाही म्हणाली ती."

"तू नको शिकवू. हजार माणसांचे आभार वाचलेत मी. मुलीचा स्वभाव मला ठाऊक आहे. स्कूटरचे मानेल, शेवाळाचे मानेल." त्यांनी चष्मा काढला. "दुनियेला सांगत फिरले, आईवडील रुसत नाहीत म्हणून शेवटी. आता रुसायची वेळ आली तर रुसू कुठल्या तोंडाने?"

प्रबंध शुक्रवारी दुपारी बाराच्या आत परीक्षा विभागात द्यायचा होता. पाच प्रती, काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांसकट. गोंद वाळायला एक रात्र लागते, म्हणजे गुरुवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या प्रती शिकंज्यात दाबून ठेवायला हव्या होत्या. गुरुवारी सकाळी ताईने एक बंद लिफाफा आणून काकांच्या हातात दिला. आत त्या पानाच्या पाच प्रती. "सबमिट होईपर्यंत आईने वाचायचं नाही," असं सांगून ती सरांच्या सहीच्या मागे धावली. प्रमाणपत्राच्या पानावर गाईडची सही असल्याशिवाय परीक्षा विभाग प्रबंधाला हात लावत नाही, आणि आमचे सर सहीच्या दिवशी हमखास बैठकीत असतात.

मी मदतीला म्हणून दुकानात बसलो होतो. खरं म्हणजे चौथ्या प्रकरणापासून पळून आलो होतो.

काकूंनी लिफाफ्याकडे पाहिलं नाही. इतक्या जोरात पाहिलं नाही की काकांनासुद्धा ते कळलं. मग त्यांना अचानक आठवलं की पान क्रमांक तपासायला हवा. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे असतात, ते चुकले तर परीक्षा विभाग प्रबंध परत करतो. हे खरं होतं, त्यामुळे काकांना नाही म्हणता येईना. काकांनी पान बाहेर काढलं, त्यावर एक पुठ्ठा ठेवला आणि खालची अर्धा इंच पट्टी उघडी ठेवून काकूंपुढे धरली.

"चार," काकू म्हणाल्या. "बरोबर." आणि मान तिरकी करून पुठ्ठ्याखाली डोकवायला लागल्या. काकांनी पुठ्ठा खाली दाबला. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने बायकोला पहिल्यांदा काही नाकारलं असावं.

मग काकांनी ते पान बाकीच्या गठ्ठ्यावर ठेवून कडा जुळवल्या, आणि त्यांचा चेहरा पडला.

"समास," ते म्हणाले.

डाव्या बाजूला दीड इंच मोकळी जागा लागते. शिलाई आणि गोंदात त्यातली बरीच आत जाते. ताईने लॅबच्या प्रिंटरवर छापलं होतं, तिथे समास होता जेमतेम पाऊण इंच. तसंच बांधलं असतं तर प्रत्येक ओळीचा पहिला शब्द शिलाईच्या पोटात गेला असता. टंकलेखकाची मुलगी, आणि दीड इंचाचा समास विसरली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मी करते पटकन," काकू उठल्या. दोन मिनिटांचं काम होतं त्यांच्यासाठी.

काका मध्ये उभे राहिले. मी ताईला फोन लावला.

"फाइल पाठव ताई, समास चुकलाय."

"लॅपटॉप लॅबमध्ये आहे, आणि मी सरांच्या केबिनबाहेर," ती कुजबुजली. "सर दार उघडून कधीही निघतील. इथून हलले तर सही गेली. तू टाइप कर समोर ठेवून."

"मी?"

"आई नको. काहीही झालं तरी आई नको. कळलं?" आणि फोन बंद.

आता माझी टाइपिंगची पद्धत म्हणजे दोन बोटं आणि देवाचं नाव. मी काकूंच्या खुर्चीत बसलो. काकू भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसल्या. समोर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं, ते वाचत असल्याचं त्यांनी सोंग घेतलं. काका पडद्याच्या कडेला पहाऱ्यावर.

मी सुरुवात केली. दहा सेकंदांत काकू कळवळल्या.

"अरे शिफ्ट दाबून ठेव! मला इथे ऐकू येतंय. जोडाक्षर तुटलं तुझं."

तुटलं होतं. मी दुरुस्त केलं.

पुढचा अर्धा तास मी पाहिला तसा प्रकार पुन्हा पाहायला मिळणार नाही. ती बाई भिंतीकडे पाहून, नुसत्या बटणांच्या आवाजावरून, न वाचता प्रबंधाचा ऋणनिर्देश वाचत होती.

"एन्टर मारलास. गाईड संपले. फार लवकर संपले! 'मौलिक' घातलंय का?"

मी पुढची बटणं दाबत राहिलो.

"नाही घातलं. सही व्हायची आहे अजून, आणि ही बया... बरं. आता लॅब. तू आहेस ना त्यात?"

मी होतो. 'प्रयोगापेक्षा पळून जाण्यात वेळ घालवणारा, पण बोलावलं की येणारा धाकटा भाऊ' असा. माझे डोळे भरून आले आणि मी तेच वाक्य दोनदा टाइप केलं.

"दोनदा मारलंस ते. खोड एक."

मग घराचा परिच्छेद आला. बटणांचा आवाज ऐकून काकूंची पाठ ताठ झाली. मी टाइप करत गेलो. त्यात काका होते, पुठ्ठ्यावरची अक्षरं सरळ यावीत म्हणून श्वास रोखून धरणारे. परदेशी गेलेला भाऊ होता. नमुन्यांसाठी तळ्याच्या गावी राहावं लागलं तेव्हा वर्षभर आपल्या घरी ठेवून घेणारी मावशी होती. शेवाळाच्या बाटल्या स्वयंपाकघरात ठेवू दिल्याबद्दल मावशीच्या सासूबाईसुद्धा होत्या. परिच्छेद संपला.

आई नव्हती. मी पुन्हा वरपासून पाहिलं. नव्हती.

मी एन्टर मारला. तो आवाज दुकानभर झाला.

"संपलं घर," काकू म्हणाल्या.

"हो."

"आहे का मी?"

मी कागदावर आणखी खाली पाहिलं. एवढा वेळ मी ओळ न्‌ ओळ टाइप करत होतो, त्यामुळे खालचं वाचलंच नव्हतं. तळाला, जिथे 'अत्यंत सुबक' असतं अगदी त्या जागी, दोन वाक्यं होती. ती मी वाचली आणि कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"थांबलास का? आहे का नाही, सांगून टाक. मी काही रडणार नाही."

"काकू, अजून शेवटची ओळ राहिलीय."

"शेवटची ओळ तर मी घालत असते," त्या भिंतीला म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता.

"ही तुम्ही घातलेली नाही," मी म्हणालो. यापुढे मला बोलायची परवानगी नव्हती.

मी ती दोन वाक्यं टाइप केली. जन्मात इतकं सावकाश आणि बिनचूक टाइप केलं नसेन. मग पाच प्रती छापल्या. चौथ्या प्रतीला कागद अडकला तेव्हा काकू सवयीने उठल्या, प्रिंटरपर्यंत आल्या, हात पुढे केला. मी आणि काका दोघेही एकदम ओरडलो, "हात लावू नका!" त्या दचकून मागे सरकल्या. मी तो कागद ओढून काढला, काकांनी पानं गठ्ठ्यात घातली. पाच वाजता ताई सही झालेली प्रमाणपत्राची पानं घेऊन आली, तीही आत गेली, आणि काकांनी शिलाई करून शिकंजा आवळला. सरांनी प्रमाणपत्रावर सही करण्याआधी विचारलं होतं म्हणे, "ऋणनिर्देशात काय लिहिलंयस माझ्याबद्दल?" ती म्हणाली, "खरं लिहिलंय." सरांनी जरा विचार केला आणि दुसरं काही न विचारता सही केली.

शुक्रवारी दुपारी साडेबाराला ताई दुकानात आली. चार प्रती परीक्षा विभागाने ठेवून घेतल्या होत्या. पाचवी, शिक्का मारलेली, तिची स्वतःची, तिने काउंटरवर ठेवली.

"वाच आता."

काकूंनी हात फडक्याला पुसले. चष्मा घातला. बोट फिरवत पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या, आणि सवय जाईना.

"सरांनी मला वाट पाहायला शिकवलं, बहुतेक वेळा स्वतःचीच. शाब्बास. आणि त्याने सही केली? ... विभागप्रमुख आहेत, बरं आहे. ... धाकटा भाऊ, हं, बरोबर ओळखलंय." घराच्या परिच्छेदावर त्यांचा आवाज उतरला. काकांचं वाचून त्या काकांकडे पाहून हसल्या. मावशीच्या सासूबाईंपर्यंत पोचल्या. तिथे थांबल्या. मग बोट खाली गेलं.

तिथे लिहिलं होतं, 'प्रत्येक प्रबंधात माझी आई स्वतःचे आभार स्वतः लिहिते, कारण कोणी लिहीत नाही. या प्रबंधात फक्त हेच एक पान असं आहे की ज्याला आईचा हात लागलेला नाही, बाकीची दोनशे बारा पानं तिचीच आहेत.'

काका उगाचच दोरा गुंडाळत राहिले. एक गिऱ्हाईक झेरॉक्स मागायला आलं, त्याला ताईने हातानेच थांबवलं.

मग काकूंनी पदराने चष्मा पुसला. पदरही ओला होता, त्यामुळे काही उपयोग झाला नाही.

"दोनशे एकतीस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दोनशे बारा नाहीत. दोनशे एकतीस पानं आहेत. परिशिष्टं मोजली नाहीस तू. एकोणीस पानं. तळ्याचे तक्ते सगळे मीच केले होते, विसरलीस?"

ताईने कपाळावर हात मारला. "अगं आई! थांब, व्हायव्हा झाल्यावर दुरुस्तीच्या प्रती निघतातच. तेव्हा तू बदल हे."

तीस वर्षं चुकीचा आकडा, तुटलेलं जोडाक्षर, वाकडी ओळ काकूंच्या दुकानातून बाहेर गेली नव्हती. मला वाटलं, आता पेन्सिल घेऊन खूण करतील. त्यांनी प्रबंध मिटला, दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि आम्हा सगळ्यांवर डोळे वटारले.

"खबरदार," त्या म्हणाल्या. "त्या पानाला कोणीही हात लावायचा नाही."